पाकाच्या पायऱ्या: एकतारीपासून चिक्कीच्या कडक पाकापर्यंत, सोलापुरातल्या थर्मामीटरवर

पाककृतीत एकच ओळ असते, ‘साखरेचा एकतारी पाक करून घ्या’, आणि पुढच्या ओळीला रवा पाकात पडलेलासुद्धा असतो. लाडू दगड होणार की पातेल्यातच सैल बसणार, हे सगळं त्या एका ओळीत ठरतं. घरातल्या मोठ्या बायकांना विचारावं तर ‘बोटाला कळतं गं’ एवढंच उत्तर मिळतं. त्यांना कळतं हे खरंच आहे, पण नव्या माणसाचं बोट अजून शिकलेलं नसतं. म्हणून थर्मामीटर घ्यायचा. तो घेतल्यावर मात्र वेगळाच घोळ सुरू होतो, कारण पुस्तकातला आकडा, थर्मामीटरवरचा आकडा आणि ताटलीतला थेंब या तिघांचं आपसात जमत नाही.

ते जमवायचं कसं, ते इथे क्रमाने सांगते. मी संक्रांतीच्या आणि दिवाळीच्या ऑर्डरी घेते. नवीन हाताशी आलेल्या मुलींना पहिल्या दिवशी मी एकही पदार्थ करायला लावत नाही. अर्धा किलो साखर देते, तिचा पाक एकतारीपासून पार चिक्कीपर्यंत एकाच भांड्यात चढवायला सांगते आणि वाटेत प्रत्येक टप्प्याला थांबायला लावते. तुम्हीही तसंच करा. साखर वाया जात नाही, शेवटी शेंगदाण्याची चिक्की होते.

## १. आधी एवढं समजून घ्या

पाक उकळतो म्हणजे त्यातलं पाणी उडतं. साखर जागच्या जागी राहते. पाणी जितकं कमी, तितका पाक जास्त तापमानाला उकळतो. त्यामुळे थर्मामीटरवरचा आकडा म्हणजे खरं तर पाकात किती पाणी उरलंय त्याची खबर असते. १०५ अंशांच्या आसपास पाकात साधारण ३० टक्के पाणी असतं, ११२ ला २० टक्के, १२३ ला १० टक्के, १४० ला ५ टक्के आणि १५० च्या पुढे जेमतेम ३ टक्के.

आता हेच अर्धा किलो साखरेवर मांडून बघू. ५०० ग्रॅम साखर आणि ३०० मिली पाणी, म्हणजे सुरुवातीला भांड्यात ८०० ग्रॅम ऐवज. एकतारी होईपर्यंत त्यातलं साधारण ८५ ग्रॅम पाणी उडतं. तिथून ११२ अंशांपर्यंत आणखी ९० ग्रॅम. ११२ पासून १२३ पर्यंत ७० ग्रॅम. १२३ पासून १४० पर्यंत फक्त ३०. आणि १४० पासून १५१ पर्यंत? सुमारे ११ ग्रॅम, म्हणजे दोन छोटे चमचे पाणी.

सगळी गोम इथेच आहे. सुरुवातीला एक अंश चढायला बरंच पाणी उडावं लागतं, म्हणून आकडा हलता हलत नाही आणि आपण वैतागून गॅस मोठा करतो. शेवटी दोन चमचे पाण्यात दहा अंश जातात आणि आपण शेंगदाणे आणायला वळेपर्यंत पाक तांबूस झालेला असतो.

यातून एक कामाची गोष्ट निघते. तारेच्या पाकाला थर्मामीटर तितकासा भरवशाचा नाही, कारण तिथे दोन अंशांची चूक म्हणजे एकतारी की दोनतारी एवढा फरक. तिथे बोट आणि वजनकाटा खरा. उलट कडक पाकाला वजनकाट्याचा उपयोग नाही, कारण अंशामागे ग्रॅमभरच वजन बदलतं. शिवाय १४० अंशांचा पाक बोटाने बघायचा नसतो. तिथे थर्मामीटरच.

## २. काय काय लागेल

- साखर ५०० ग्रॅम, पाणी ३०० मिली. साखर मोजून घ्या, वाटीने नको.
- जाड बुडाचं, अरुंद आणि खोल स्टीलचं पातेलं. पसरट कढईत अर्ध्या किलोचा पाक इतका उथळ होतो की थर्मामीटरचं टोक धड बुडतच नाही.
- साखरेचा किंवा तळणीचा थर्मामीटर, २०० अंशांपर्यंतचा. बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो. तापाचा थर्मामीटर चालत नाही. लांबून रोखायचा बंदुकीसारखा थर्मामीटरही नको, तो वरचा पृष्ठभाग आणि वाफ बघतो, आतला पाक नाही.
- किचनचा डिजिटल काटा आणि त्यावर गरम पातेलं टेकवायला लाकडी पाट किंवा जाड फळी.
- एक स्टीलची ताटली, एक वाटी गार पाणी, एक लाकडी उलथणं, एक छोटा चमचा.
- ब्रश आणि त्यासाठी वेगळं पाणी. ब्रश नसेल तर पातेल्यावर नीट बसणारं झाकण.
- चिक्कीसाठी भाजून सोललेले शेंगदाणे ५०० ग्रॅम, थोडं तूप, लाटणं, सुरी.

रिकामं पातेलं आणि पाट यांचं एकत्र वजन आधीच करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. गरम पाकाचं वजन करताना ते वजा करायचं आहे. ऐनवेळी आठवत नाही.

## ३. थर्मामीटर उकळत्या पाण्यात तपासा

ही पायरी कोणी करत नाही, आणि निम्मे घोळ इथूनच येतात.

पाणी खळखळ उकळू द्या, थर्मामीटरचं टोक दोन-तीन सेंटिमीटर आत धरा, तळाला टेकू देऊ नका, आणि आकडा स्थिर होऊ द्या. पुस्तकात म्हटलंय पाणी १०० ला उकळतं. सोलापुरात नाही उकळत. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचावर आहे आणि साधारण तीनशे मीटरला एक अंश या हिशेबाने इथे पाणी ९८.५ च्या आसपास उकळतं. तेव्हा ९८ किंवा ९९ दिसलं की थर्मामीटर परत करायला दुकानात जाऊ नका, तो बरोबर आहे. पाकाचे बहुतेक आकडे मुंबईसारख्या समुद्रकाठच्या गावाला लागू पडतात. महाबळेश्वरला कोणी चिक्की करत असेल तर तिथे चार-साडेचार अंशांचा फरक पडेल.

तुमच्या थर्मामीटरवर जो आकडा येईल तो १०० मधून वजा करा. उरेल तो तुमचा फरक. पुस्तकातल्या प्रत्येक आकड्यातून तोच वजा करायचा. समजा तुमच्याकडे उकळतं पाणी ९७ दाखवतंय. फरक ३. मग पुस्तकातला ११२ म्हणजे तुमचा १०९ आणि पुस्तकातला १५० म्हणजे तुमचा १४७. या एका वजाबाकीत शहराची उंचीही आली आणि थर्मामीटरची स्वतःची चूकही. थर्मामीटर वरच्या आकड्यांनाही तेवढाच चुकेल हे गृहीत धरलेलं आहे. स्वस्तातला असेल तर ते नेहमी खरं नसतं. म्हणून पुढे एकदा वजनाने पडताळा घेऊ.

खालच्या तक्त्यात थर्मामीटर बिनचूक आहे असं धरून सोलापूरचा आकडा दिला आहे. वजन ५०० ग्रॅम साखरेच्या पाकाचं आहे, पातेलं सोडून, आणि अंदाजाचं आहे.

| पाक | पुस्तकात (अंश सें.) | सोलापुरात | पाकाचं वजन |
|---|---|---|---|
| एकतारी | १०५ | १०३.५ | ७१५ ग्रॅम |
| दोनतारी | १०९ | १०७.५ | ६६५ ग्रॅम |
| मऊ गोळी | ११४ | ११२.५ | ६०५ ग्रॅम |
| पक्की गोळी | १२० | ११८.५ | ५६५ ग्रॅम |
| टणक गोळी | १२६ | १२४.५ | ५५० ग्रॅम |
| सॉफ्ट क्रॅक | १३८ | १३६.५ | ५३० ग्रॅम |
| हार्ड क्रॅक | १५० | १४८.५ | ५१५ ग्रॅम |

प्रत्येक टप्पा हा खरं तर पट्टा आहे, मी मधला आकडा घेतला आहे. मऊ गोळी ११२ ते ११६ मध्ये कुठेही म्हणतात, हार्ड क्रॅक १४६ ते १५४. तारांच्या आकड्यांत घरोघरी एक-दोन अंशांचा फरक सापडेल, त्यावरून वाद घालत बसू नका.

## ४. साखर विरघळवा, मग हात आवरा

साखर आणि पाणी पातेल्यात एकत्र करून मंद आचेवर ठेवा आणि हलवत राहा. साखरेचा शेवटचा कण विरघळेपर्यंत उकळी येऊ द्यायची नाही. उलथणं तळाला फिरवून बघा, करकर लागत नाही ना.

उकळी आली की उलथणं बाहेर काढायचं आणि पुन्हा आत घालायचं नाही. हलवलं की साखरेचे कण तयार व्हायला लागतात, आणि एक कण पडला की त्याच्या आधाराने बाकीची साखर बसत जाते. पातेल्याच्या कडेला उडालेले शिंतोडे वाळून पांढरे होतात, तेही हेच काम करतात. ओल्या ब्रशने ते खाली पुसून घ्या, किंवा उकळी आल्यावर दोन मिनिटं झाकण ठेवा, वाफेने कडा आपोआप धुतल्या जातात.

लिंबू घालायचं की नाही हे पदार्थ बघून ठरवा. लिंबाच्या रसाने थोडी साखर फुटते आणि पाक परत बसत नाही. गुलाबजाम आणि जिलेबीला म्हणूनच घालतात, पाक दुसऱ्या दिवशीही वाहता राहावा म्हणून. पण रव्याचा लाडू, चिरोट्यावरचं पांढरं आवरण, संक्रांतीचा काटेरी हलवा, पाडव्याच्या गाठी यांत साखर बसायलाच हवी असते. तिथे लिंबू घातलं की पदार्थ चिकट राहतो. आजच्या आपल्या पाकाचा शेवट चिक्कीत आहे, तेव्हा लिंबाचे चार-पाच थेंब घाला, जास्त नको. चिक्कीला लिंबू फार झालं तर ती हवेतलं पाणी ओढते आणि डब्यात एकमेकींना चिकटून बसते.

जुन्या पद्धतीत चमचाभर दूध घालून मळी वर आणतात आणि झाऱ्याने काढतात. साखर स्वच्छ असेल तर गरज नाही. कडक पाक करायचा असेल तर दूध घालूच नका, त्याचा उरलेला अंश पुढे करपतो आणि रंग बिघडवतो.

## ५. एकतारी आणि दोनतारी: इथे बोट खरं

सोलापुरात आकडा १०३ च्या आसपास आला की पहिला थेंब काढा. नवी मंडळी इथे हमखास चुकतात. उकळत्या पाकातला थेंब काढला, लगेच बोटात धरला, तार आली नाही, म्हणून पाक पुढे उकळत ठेवला. गरम थेंबाला तार येतच नाही. उलट थेंब काढून फोनवर बोलत बसलात तर गार होऊन तोच थेंब दोन तारा दाखवेल.

म्हणून थेंब नेहमी एकाच पद्धतीने बघा. चमचा पाकात बुडवून त्याच्या टोकावरून एक थेंब कोरड्या, गार स्टीलच्या ताटलीवर पाडा. दहा आकडे मोजा. मग तर्जनीच्या टोकावर घ्या, अंगठ्याने दाबा आणि बोटं सावकाश लांब करा. एकतारीच्या आधी थेंब नुसता चिकचिकतो, बोटं सुटताना तेलासारखा सरकतो. गुलाबजामाला इथेच थांबायचं. एकतारी झाला की बोटांमध्ये एकच बारीक तार उभी राहते, अर्धा-पाऊण इंच ताणते आणि मधेच तुटून दोन्ही टोकं आपापल्या बोटावर मागे जातात. म्हैसूरपाक, काजूकतली, हलवा हे इथले.

दोनतारीला थेंब दाबताना जाड लागतो. बोटं उघडली की शेजारी शेजारी दोन तारा दिसतात, एक इंचाच्या पुढे जातात आणि लवकर तुटत नाहीत. ताटलीवर थेंबाच्या कडेला पांढरी झाक येऊ लागते. चिरोटे याच पाकात घोळतात. पाकातल्या रव्याच्या लाडवाला कोणी एकतारी घेतं, कोणी दोनतारी. माझं मत विचाराल तर रवा नुसताच भाजलेला असेल तर दोनतारीच्या अलीकडे थांबावं, आणि ओलं खोबरं घालणार असाल तर पूर्ण दोनतारी घ्यावा, कारण खोबऱ्याचं पाणी पाकाला परत मागे आणतं. थेंबाच्या परीक्षेत खोबऱ्याचं पाणी दिसत नाही, ते आपण डोक्यात धरायचं.

आता वजनाचा पडताळा. थर्मामीटर तुमच्या हिशेबाने ‘पुस्तकातला ११२’ दाखवेल, म्हणजे सोलापुरात ११०.५, तेव्हा गॅस बंद करा, उकळी बसू द्या आणि पातेलं उचलून काट्यावरच्या पाटावर ठेवा. पातेलं आणि पाट वजा जाता ६२५ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. थेंबांसाठी काढलेला पाक चार-पाच ग्रॅम असेल, तो सोडून द्या. ६६० भरलं तर थर्मामीटर तीन-चार अंश पुढे पळतोय, पाक अजून खरं तर दोनतारीलाच आहे. ५९० भरलं तर थर्मामीटर मागे आहे आणि पाक पुढे निघून गेलाय. नवा थर्मामीटर घेतल्यावर हे एकदा केलं की पुरतं.

## ६. गोळीचे पाक: पाणी खरंच गार हवं

इथून पुढे तार बघण्यात अर्थ नाही. वाटीतल्या गार पाण्यात अर्धा चमचा पाक सोडा, पाच-सहा सेकंद थांबा आणि पाण्यातच बोटांनी गोळा करा.

मऊ गोळीला पाक तळाशी एकत्र येतो, गोळी होते, पण पाण्याबाहेर काढून बोटावर ठेवली की चपटी होऊन पसरते. पक्क्या गोळीला ती आकार धरते, दाबली तर दबते. टणक गोळीला दाबायला जोर लागतो, आणि स्टीलच्या ताटलीत वरून टाकली की टण्ण आवाज येतो. गुळाच्या चिक्कीला आणि तिळाच्या कडक लाडवाला घरोघरी हाच आवाज ऐकतात. गुळाच्या बाबतीत तोच मार्ग बरा, कारण गुळात साखर आधीच थोडी फुटलेली असते, शिवाय प्रत्येक ढेपेचं पाणी वेगळं. वरचा तक्ता गुळाला तसाच्या तसा लावू नका.

आपल्याकडचा एक त्रास मात्र सांगायला हवा. चैत्र-वैशाखात सोलापुरात नळाचं पाणी गार नसतंच, टाकीतलं तर हाताला कोमट लागतं. अशा पाण्यात पक्की गोळीसुद्धा मऊ भासते, आपण पाक पुढे चढवतो आणि वडीचा दगड होतो. माठातलं पाणी घ्या, दुपारची वेळ असेल तर त्यात बर्फाचा खडा टाका. दर परीक्षेला पाणी बदला, आधीच्या थेंबाने ते गरम आणि गोड झालेलं असतं.

वड्यांसाठी इथे एक निर्णय करावा लागतो. शेंगदाण्याची किंवा बेसनाची वडी मऊ, खुसखुशीत हवी असेल तर मऊ गोळीच्या आधीच गॅस बंद करा. जाड बुडाच्या पातेल्यात उष्णता साठलेली असते, गॅस बंद केल्यावरही पाक दोन-तीन अंश चढतो. तो चढ धरून थांबायचं. ज्यांना हे माहीत नसतं ते बरोबर आकड्याला गॅस बंद करतात आणि तरी पाक पुढे गेलेला असतो.

## ७. कडक पाक: इथे फक्त थर्मामीटर

१२५ ओलांडलं की बुडबुडे बदलतात. आधी मोठे, पातळ, भराभर फुटणारे होते. आता लहान, जाड आणि आळशी होतात, पाक दाट मधासारखा हलतो. वाफ कमी होते. आच मध्यमवरून मंद करा. हे मनाला पटत नाही, इतका वेळ मंद आच सोसल्यावर आता शेवटी घाई करावीशी वाटते. पण शेवटच्या दहा अंशांना उडायचं पाणी दोन चमचेच आहे हे आठवा.

सॉफ्ट क्रॅकला पाक गार पाण्यात सोडला की गोळी न होता धागे होतात. ते बाहेर काढून वाकवले तर आधी थोडे वाकतात, मग तुटतात, आणि दातात धरले तर चिकटतात. चिक्की इथे काढली तर पहिल्या दिवशी बरी लागेल, दुसऱ्या दिवशी दातातून निघणार नाही. हार्ड क्रॅकला धागा न वाकता काटकन मोडतो आणि चावल्यावर चुरा होतो. चिक्की आणि लिंबाच्या गोळ्या इथल्या.

आपल्या सोलापुरी आकड्याने १४६ आलं की गॅस बंद करायचा. उरलेले दोन-तीन अंश पातेलं स्वतः चढवतं. १६० च्या पुढे साखरेला रंग येऊ लागतो, मग चव कॅरॅमलकडे आणि पुढे कडवटपणाकडे जाते.

थर्मामीटरचं टोक तळाला लागलं तर इथे तो दहा अंश जास्तही दाखवेल, आणि तुम्ही फार आधी थांबाल. पाक उथळ वाटत असेल तर पातेलं एका बाजूला किंचित तिरकं करून टोक पूर्ण बुडवा. गार काचेचा थर्मामीटर एकदम गरम पाकात घालू नका, तडकतो. सुरुवातीपासून आतच ठेवा.

आणि हात जपा. हा पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटून भाजत राहतो. मुलांना स्वयंपाकघरातून बाहेर काढा. भाजलंच तर लगेच वाहत्या गार नळाखाली हात वीस मिनिटं धरा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. फोड मोठा असेल तर डॉक्टरकडे जा.

## ८. चिक्की लगेच ओता

हे सगळं १२५ अंशांच्या आधीच तयार ठेवायचं. ओट्यावर किंवा उलट्या ठेवलेल्या ताटाच्या पाठीवर तूप, लाटण्याला तूप, सुरीला तूप. शेंगदाणे भाजून सोललेले आणि कढईत मंद गरम ठेवलेले. गार शेंगदाणे पाकात टाकले तर पाक त्यांच्याभोवती क्षणात आखडतो आणि ढेकळं होतात. शेंगा आपल्याकडच्याच असतील तर दाणा लहान आणि तेलकट असतो, तो अख्खा घातला तरी चालतो. मोठ्या दाण्याच्या पाकळ्या करून घ्या, चिक्की पातळ लाटता येते.

गॅस बंद, शेंगदाणे आत, उलथण्याने चार-पाच वेळा खालून वर. आता हलवायला हरकत नाही, पण फार घोळू नका. लगेच तुपाच्या पृष्ठभागावर ओता, लाटणं फिरवा. मिनिटभरात सुरीने रेघा पाडून घ्या, पूर्ण कापायची गरज नाही. गार झाल्यावर रेघेवर मोडते. रेघा पाडायला उशीर झाला तर सुरी लावू नका, वेडेवाकडे तुकडे मोडा, चव तीच आहे.

गार झाली की तासाभरात घट्ट झाकणाच्या डब्यात. हिवाळ्यात, संक्रांतीच्या सुमारास, आपल्याकडची हवा कोरडी असते म्हणून ती उघडीसुद्धा कुरकुरीत राहते. भाद्रपदातल्या पावसात तीच चिक्की ताटात ठेवली तर संध्याकाळपर्यंत हाताला चिकटते. दोष पाकाचा नसतो.

## ९. बिघडलं तर

पाक पुढे गेला, पण रंग आला नाही, तर काही हरवलेलं नाही. गॅस बंद करा, थोडं थांबा, तीन-चार चमचे गरम पाणी कडेने सोडा. फसफसून उडतं, म्हणून लांब दांड्याचा चमचा घ्या आणि चेहरा बाजूला ठेवा. मंद आचेवर पुन्हा एकजीव करा आणि परत चढवा. पाणी उडालंय म्हणून पाक पुढे गेला, पाणी घातलं की मागे येतो, इतकं सरळ आहे. रंग आलेला पाक मात्र मागे येत नाही.

पाकात मधेच साखर बसली, पांढरा रवाळ गोळा झाला, तर अर्धी वाटी पाणी घालून सुरुवातीपासून करा, सगळे कण विरघळेपर्यंत. अर्धवट विरघळलेल्यावर पुढे जाऊ नका, तो पुन्हा बसतो.

लाडू वळताना मिश्रण कोरडं पडलं तर चमचाभर गरम दूध किंवा पाणी शिंपडून मुरू द्या. सैल राहिलं तर आधी दोन-तीन तास झाकून ठेवा, रवा पाक पितो. संध्याकाळीही वळत नसेल तरच परत आचेवर ठेवा.

पातेल्याला आणि थर्मामीटरला चिकटलेला कडक पाक खरवडू नका. पातेल्यात पाणी भरून उकळा, उलथणं आणि चमचेही त्यातच टाका, दहा मिनिटांत सगळं सुटतं. थर्मामीटर आधी गार होऊ द्या, मग कोमट पाण्यात भिजवा. डिजिटल असेल तर फक्त दांडी.